लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा भाव ठरवताना पेंडीचे पैसे दाण्यातून वजा करायचे की नफ्यात धरायचे?

बालाघाट_तेल (धागाकर्ता)

बार्शी तालुक्यात एक लाकडी घाणा आहे, ३ एचपी मोटर, एका घाण्याला १४ किलो दाणे. दिवसाला ७ घाणे निघतात. आता एका दुकानदाराला कायमचा भाव द्यायचा आहे, म्हणून हिशेब कागदावर मांडला. तो तपासून हवा आहे.

१०० किलो शेंगदाणे, हमाली, तोलाई, भाडे धरून ११२ रुपये किलोने पोचतात, म्हणजे ११,२०० रुपये. निवडून २ किलो खराब माल आणि काडीकचरा निघतो. उरलेल्या ९८ किलोतून ४२.५ किलो तेल आणि ५५.५ किलो पेंड येते. पेंड ४८ रुपयांनी जाते, म्हणजे २,६६४ रुपये. ते वजा केले तर दाणे ८,५३६ रुपयांना पडले. भागिले ४२.५, म्हणजे किलोला २०१ आणि लिटरला (९१० ग्रॅम धरून) १८३ रुपये.

मजुरी, वीज, जागेचं भाडं, हप्ता, देखभाल मिळून दिवसाचे १,३०० रुपये, लिटरला २८. बाटली, बूच, लेबल, खोका १६. एकूण २२७. दहा टक्के नफा धरून दुकानदाराला २५२ सांगणार आहे, जीएसटी वेगळा.

गावातले जुने लोक म्हणतात, पेंड वजा करायचीच नसते, तो घाणेवाल्याचा नफा. दुकानदार म्हणतो, पेंडीचे पैसे तुम्हाला वेगळे मिळतातच, मग तेल स्वस्त द्या. दोघांचं एकदम खरं कसं असेल?

---

जुना_घाणा

दादा, एवढं कागदकाम कशाला. दाण्याचा जो भाव असेल त्याच्या अडीचपट लिटरचा भाव. ११२ चा दाणा असेल तर २८० लिटर. दाणा १०० वर आला तर २५०. पेंडीवर घाणा चालतो, म्हणजे मजुरी, लाईट, बाटली सगळं पेंडीतून निघतं. तेल विकून दाण्याचे पैसे परत येतात आणि वर थोडं उरतं. आमच्याकडे सगळे घाणेवाले हाच हिशेब धरतात. २५२ ला दिलंत तर बुडाल.

---

रानशेंग

११२ रुपये म्हणजे फार महाग घेताय. खरीप २०२५-२६ चा भुईमुगाचा हमीभाव ७,२६३ रुपये क्विंटल आहे, किलोला ७३ सुद्धा नाही. थेट शेतकऱ्याकडून घ्या. माझ्याकडे स्वतःच्याच शेंगा आहेत, मला लिटरमागे किती सुटतील तेही कोणीतरी सांगा.

---

हिशेब_वही

रानशेंग दादा, हमीभाव शेंगांचा असतो, दाण्यांचा नाही. १०० किलो वाळलेल्या शेंगा फोडल्या की ६८ ते ७० किलो दाणे निघतात. ६९ धरले तर ७,२६३ रुपयांच्या शेंगांतून दाणा १०५ रुपये किलोने पडला. वर फोडणी, चाळणी आणि वाहतूक. म्हणजे ११२ हा भाव हमीभावाच्या जवळचाच आहे. टरफलाचे जे चार पैसे येतील ते फोडणीच्या खर्चातून वजा करा, तेलाच्या हिशेबात आणू नका.

आता बालाघाट, तुमच्याकडे. पेंड वजा करायची ही पद्धत बरोबर आहे. पण वजा करताना तीन आकडे गरम गरम धरले आहेत, म्हणून भाव खाली आला. आधी हे सांगा: ४२.५ किलो तेल घाण्यातून काढल्या काढल्या मोजलं की निवळल्यावर? ५५.५ किलो पेंड केव्हा तोलली? आणि ४८ हा बोर्डावर लिहिलेला भाव आहे की महिन्याभरात पेंडीचे खरोखर जमा झालेले पैसे भागिले विकलेले किलो?

---

बालाघाट_तेल

ताई, तेल घाण्याखालून काढल्यावर लगेच मोजलं. चार दिवसांनी टाकीच्या तळाशी गाळ राहतो, तो २.५ किलोच्या आसपास असतो. पेंडही काढल्यावर लगेच तोलली होती. दुसऱ्या दिवशी पोती भरताना ५४ च भरते. सातही घाण्यांत मिळून दाण्यांवर २ लिटर पाणी शिंपडतो, त्यातलं काही उडून जात असावं.

पेंडीचा भाव असा आहे. साधारण निम्मी पेंड घाण्यावरूनच ४८ ने जाते, लोक स्वतःची पोती आणतात. निम्मी पशुखाद्याच्या दुकानात ४१ ने द्यावी लागते आणि पोतं, टेम्पो आमचा, त्याचे किलोला ३ जातात. उधारीतले काही पैसे येतच नाहीत, आणि पावसाळ्यात एखाद्या पोत्याला बुरशी धरते.

---

हिशेब_वही

मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. निम्मी ४८ ने, निम्मी ३८ ने, सरासरी ४३. बुडीत आणि बुरशीचा एक रुपया काढला की ४२. हाच पेंडीचा भाव. दाण्याच्या खर्चातून वजा होतात ते हातात आलेले पैसे, बोर्डावरचे नव्हेत.

पुन्हा मांडते.

दाणे ११,२०० रुपये. पेंड ५४ किलो गुणिले ४२, म्हणजे २,२६८. उरले ८,९३२. विकण्याजोगं निवळलेलं तेल ४० किलो. म्हणजे किलोला २२३.३०, लिटरला २०३.२०. तुमच्या १८३ मध्ये आणि यात वीस रुपयांचा फरक आहे. त्यातले साडेअकरा रुपये गाळाचे, नऊ रुपये पेंडीचे. गाळ विकला गेला किंवा पुढच्या घाण्यात टाकला तरी हिशेबात त्याला शून्य धरा, कारण त्याचं गिऱ्हाईक कायमचं नसतं.

दिवसाचे १,३०० रुपयेही ४० किलोवर वाटायचे, लिटरला २९.६०. बाटली वगैरे १६. सांडणं, गळकी बाटली, परत आलेला माल यांना एक टक्का, म्हणजे अडीच रुपये. एकूण २५१.३०.

२५२ ला दिलं असतं तर लिटरमागे सत्तर पैसे राहिले असते. दहा टक्के हवे असतील तर २५१.३० भागिले ०.९, म्हणजे २७९, आणि वर ५ टक्के जीएसटी.

---

जुना_घाणा

बघा! मी २८० म्हटलं होतं. ताईंनी एवढं लिहून २७९ आणले.

---

हिशेब_वही

काका, आकडा जुळला हे खरं, आणि तुमचा नियम उगाच तयार झालेला नाही. पण तो का जुळला ते पाहू, म्हणजे कधी जुळणार नाही ते कळेल.

१०० किलो दाण्यांतून ४० किलो तेल, म्हणजे किलो तेलाला अडीच किलो दाणे. अडीचपट हा मुळात किलोचा भाव आहे. २८० रुपये किलो म्हणजे २५५ रुपये लिटर. तुम्ही किलोचा भाव लिटरला लावता, म्हणून लिटरमागे २५ रुपये जास्त मिळतात. तुमचा नफा त्या ९० ग्रॅममध्ये बसलेला आहे.

आता पेंड. या धाग्यातल्या आकड्यांत दिवसाची पेंड २,२६८ रुपयांची. दिवसाचा खर्च १,३००, ४४ बाटल्यांचे ७००, सांडण्याचे ११०, मिळून २,११०. पेंडीवर घाणा चालतो म्हणता ते इथे अगदी तसंच घडतं, वर दीडशे रुपये उरतात. पण हे घडतं ते पेंड ४२ ने जाते आणि सात घाणे निघतात म्हणून.

पेंड ३० वर आली तर ५४ किलोमागे ६४८ रुपये कमी, म्हणजे लिटरचा खर्च २६६. दाण्याचा भाव जागचा हलला नाही, म्हणून तुमचा नियम २८० च सांगणार. त्यातच गिऱ्हाईक कमी म्हणून दिवसाला सातऐवजी चार घाणे निघाले, तर मजूर, भाडं, हप्ता तेवढेच राहतात, फक्त वीज कमी होते. लिटरला २९.६० चे ५० होतात. दोन्ही एकत्र आले तर लिटर २८६ ला पडतं आणि तुम्ही २८० ला विकत असता. पेटी भरलेली दिसते, कारण दाणा उधारीवर आलेला असतो. तोटा दोन महिन्यांनी अडत्याचे पैसे देताना कळतो.

---

जुना_घाणा

पेंड ३० वर कशाला जाईल. शेंगदाणा पेंड आहे ती.

---

गोठा_सांगोला

जाते काका. मी पेंड घेणारा माणूस आहे, म्हणून ही बाजू सांगतो.

आम्ही शेंगदाणा पेंडीचा भाव एकटा बघत नाही, सरकी पेंडीशेजारी ठेवून बघतो. सरकी पेंडीचा वायदा अकोल्याच्या भावावर चालतो, आणि तिकडे नवीन कापूस जिनिंगला आला की दिवाळीच्या पुढेमागे सरकी ढेप उतरते. त्याच्या आधी पावसाळ्यात हिरवा चारा असतो, तेव्हाही पेंडीची मागणी कमी. उन्हाळ्यात चारा संपतो तेव्हा मात्र तुमचा बोर्डावरचा भाव आम्ही निमूट देतो. वर्षभराचा एकच भाव धरला तर हिशेब दोन्ही टोकांना चुकेल.

दुसरं, तुमची पेंड खपते किती ते मोजा. रोज ५४ किलो, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,३५० किलो. रोजची ४५ किलो. आमच्याकडे दुभत्या जनावराला इतर खुराकाबरोबर एक ते दीड किलो घालतात. घाण्याच्या पेंडीत तेल जास्त असतं, त्यापेक्षा जास्त घातली की शेण पातळ होतं आणि जनावर वैरण नीट खात नाही. म्हणजे तीस ते पंचेचाळीस जनावरं कायमची बांधलेली पाहिजेत, तीन तीन जनावरांची दहा-पंधरा घरं. तेवढी घरं जवळ असतील तर ४८ चा भाव धरा. नसतील तर दुकानाचा भाव हाच तुमचा भाव.

आणि साठवून ठेवायचा विचार करू नका. तेल जास्त असल्यामुळे ती मशीनच्या पेंडीपेक्षा लवकर खवट होते, आणि ओल लागली की आतून हिरवट बुरशी धरते. खपली मोडून वास घेतल्याशिवाय मी पोतं उचलत नाही.

---

बालाघाट_तेल

निवडून काढलेले दोन किलो दाणे पेंडीत मिसळले तर चालतात का? आता ते फुकट जातात.

---

गोठा_सांगोला

अजिबात नको. सुरकुतलेल्या, काळ्या, बुरशीच्या दाण्यांतच अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, सगळ्यात जास्त असतं. तेल निवळून गाळलं की त्यातलं बरंचसं गाळात आणि पेंडीत राहतं. पेंड जनावराने खाल्ली की ते दुधात उतरतं. दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, आणि संकलन केंद्राने नमुना तपासला तर दूध परत येतं. मग पेंडीची सगळी दहा घरं एकदम जातात. ते दोन किलो जाळा किंवा खड्ड्यात टाका. खर्चात ते धरलेलेच आहेत, ताईंनी १०० किलोचेच पैसे घेतले आहेत.

---

लाट_उखळ

घाणे बसवायचं आणि लाट-उखळ बदलायचं काम करतो. भावापेक्षा मला त्या ४० किलोची काळजी आहे, कारण सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

चांगल्या शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं. ४८ धरलं तर तुमच्या ९८ किलोत ४७ किलो. निवळलेलं ४० मिळालं, गाळाबरोबर दीडेक गेलं, म्हणजे साडेपाच किलो पेंडीत राहिलं. पेंडीत दहा टक्के तेल. लाकडी घाण्याला हे ठीक आहे, पण एखादा किलो अजून निघू शकतो. पेंडीत राहिलेलं तेल ४२ रुपये किलोने जातं आणि बाटलीत गेलेलं ३०० च्या वर, हे लक्षात ठेवा.

त्यासाठी घाणा जास्त वेळ फिरवू नका मात्र. पाऊण तासानंतरच्या दहा मिनिटांत तेल थोडं येतं आणि पेंडीचा बारीक भुगा तेलात उतरतो. घाण्याखाली वजन वाढलेलं दिसतं, चार दिवसांनी तेवढाच गाळ वाढलेला असतो. तेल कमी येण्याचं कारण बहुतेक वेळा ओलीत असतं. दाणा फार वाळलेला असेल तर पेंड बांधली जात नाही, भुशासारखी लाटेभोवती फिरत राहते. फार ओला असेल तर ती लगदा होऊन उखळाला चिकटते आणि तेल सुटतच नाही. दाण्याची ओल सहा-सात टक्क्यांच्या आसपास असली की काम नीट होतं. पाणी शिंपडायचं ते दाणा बघून, दर घाण्याला ठरावीक तांब्या नाही. नीट निघालेल्या पेंडीची खपली कडक असते आणि मोडताना तुटते. वाकली आणि बोटाला तेल लागलं तर समजा पैसे पेंडीत चाललेत.

उतारा मोजायचा तर एका घाण्यावरून मोजू नका. सकाळचा पहिला घाणा थंड लाकडावर चालतो, तेल कमी देतो. दिवसभराचे सातही घाणे एकत्र मोजा. निवडलेले दाणे, घातलेलं पाणी, निघालेलं तेल, निघालेली पेंड, सगळं त्याच काट्यावर. तुमच्या आकड्यांत आत गेले १०० किलो, बाहेर आले ९८. दोन किलो वाफेचे आणि सांडलेले, ते चालतं. पाच किलोचा फरक आला तर काटा बघा, नाहीतर उखळाला चीर गेली आहे का बघा. मग तेल चार दिवस निवळू द्या आणि पेंड दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोला. दाण्याचा लॉट बदलला की पुन्हा हेच.

---

हिशेब_वही

लाट_उखळ यांच्या म्हणण्याला आकडा जोडते. तेल ४० ऐवजी ३९ किलो आलं आणि तो किलो पेंडीत गेला, तर पेंडीचे ४२ रुपये वाढतात पण लिटरचा खर्च जवळजवळ पाच रुपयांनी चढतो.

बालाघाट, दर वेळी सगळं पुन्हा मांडायला नको म्हणून एवढं भिंतीवर लिहून ठेवा. उतारा हाच राहिला तर दाणा एक रुपयाने वाढला की लिटरचा खर्च २.२७ ने वाढतो. पेंड एक रुपयाने वाढली की लिटरचा खर्च १.२३ ने उतरतो. उदाहरण, दाणा ११८ झाला आणि पेंड ४५ ला गेली. दाण्याचे १३.६० वाढले, पेंडीचे ३.७० कमी झाले, खर्च २६१ झाला.

दुकानदाराला हेच सांगा. पेंडीचे पैसे वेगळे मिळत नाहीत, ते भावात आधीच वजा केलेले आहेत. पेंड धरली नसती तर तुमचा खर्च ३०३ होता, ती धरली म्हणून २५१ झाला. त्याने पुन्हा पेंडीच्या नावाने कपात मागितली तर तीच पेंड दोनदा वजा होते.

वहीत मात्र पेंडीची विक्री वेगळीच लिहा, तेलाची वेगळी. वजाबाकी फक्त भाव ठरवायच्या कागदावर. वहीतही दाण्यातून वजा करून लिहिलंत तर महिन्याअखेरीस पेंडीचा खरा सरासरी भाव काढताच येणार नाही, आणि पुढचा भाव पुन्हा अंदाजाने ठरेल. करासाठी पेंड कशी दाखवायची ते तुमच्या सीएला विचारा, ते इथे ठरवू नका.

---

चव_पुणे

मी पुण्यात लाकडी घाण्याचं तेल विकते. पेंड ४२ ने जनावरांना देताय ते बघून वाईट वाटलं. इथे स्वच्छ शेंगदाणा पेंडीला चटणीसाठी, लाडवासाठी गिऱ्हाईक आहे, ९० रुपयांनी मागतात. ९० धरून हिशेब केला तर तेल किती स्वस्त देता येईल!

---

हिशेब_वही

ताई, सगळी ५४ किलो ९० ने जाणार असेल तर नक्की धरावं. तुमच्याकडून रोज किती किलो जाईल?

---

चव_पुणे

रोज नाही, आठवड्याला वीस-पंचवीस किलो. त्यातही पावसाळ्यात कमी.

---

हिशेब_वही

म्हणजे रोजची चार किलो धरू. दळण, पिशवी आणि पुण्यापर्यंतचं भाडं काढून ८० हातात आले, तर किलोमागे ३८ जास्त, दिवसाला १५२ रुपये. लिटरला साडेतीन रुपये उतरतील. पैसे चांगलेच आहेत, पण पन्नास किलो पेंड तरीही गोठ्यातच जाणार आणि भाव तीच ठरवणार.

---

लाट_उखळ

खाण्याची पेंड वेगळ्या घाण्याची काढावी लागेल. लाल साल काढलेला, हाताने निवडलेला दाणा, आधी उखळ पूर्ण खरवडून साफ. साल राहिली तर चटणी तुरट लागते. आणि सालीशिवाय दाणा भरला की घाणा थोडा घसरतो, पेंड बांधायला वेळ लागतो. त्या घाण्याची मजुरी जास्त धरा.

---

रानशेंग

माझा प्रश्न राहिलाच. मी स्वतःचे दाणे घाण्यावर नेतो. घाणेवाले म्हणतात, काढणावळ देऊ नका, पेंड आम्हाला ठेवा. हे बरं की पैसे देऊन पेंड घरी आणलेली बरी?

---

हिशेब_वही

वरच्याच आकड्यांवर बघा. घाणेवाल्याला दाण्याच्या किलोमागे १३ रुपये खर्च येतो. त्याच किलोमागे ५४० ते ५५० ग्रॅम पेंड पडते, ४२ ने २३ रुपयांची. त्याचा नफा धरून १६ ते १८ रुपये काढणावळ योग्य. दारात जनावर असेल तर पैसे द्या आणि पेंड आणा. तुम्हाला तीच पेंड दुकानातून ४८ ने घ्यावी लागणार. जनावर नसेल तर पेंड ठेवू द्या, पण मग तेल निवळून, तोलून घ्या. आणि तुमच्याच दाण्यांची पेंड तुमच्यासमोर तोला. पेंड घाणेवाल्याची असली की ती तेलकट राहण्यात त्याचं नुकसान नसतं, तुमचं असतं.

---

जुना_घाणा

हे मात्र चुकीचं बोललात ताई. गिऱ्हाइकाचं तेल पेंडीत ठेवणारा घाणेवाला एका हंगामात गावातून उठतो.

---

गोठा_सांगोला

काका, तेलकट पेंडीला मी दोन रुपये जास्तच देतो, तेवढं खरं आहे.

---

बालाघाट_तेल

सगळ्यांचे आभार. आज सात घाणे त्याच काट्यावर तोलले. तेल चार दिवसांनी कळेल. दुकानदाराला २७९ अधिक जीएसटी सांगितला, तो २७० वर अडला आहे.

आता खरी अडचण अशी की त्याला सहा महिने एकच भाव हवा. दिवाळीनंतर पेंड उतरणार हे गोठावाल्या दादांनी सांगितलंच. मग आजच ३५ ची पेंड धरून भाव लावू, की ४२ धरून पेंड पडली की वाढवू?

---

हिशेब_वही

३५ धरली तर लिटरचा खर्च २६० होतो आणि दहा टक्क्यांनी भाव २८९. तो २७० वर अडलाय, २८९ ऐकणार नाही. माझ्या मते वर्षाची सरासरी पेंड धरा, आणि उन्हाळ्यात त्या सरासरीच्या वर जे येईल ते खर्चू नका, वेगळं ठेवा. पेंड पडेल तेव्हा त्यातून भरा. २७० ला मात्र देऊ नका, त्यात लिटरमागे १९ रुपयेही राहत नाहीत आणि चार घाण्यांच्या एका आठवड्यात ते जातात.

---

जुना_घाणा

वेगळे ठेवलेले पैसे घाण्यात राहत नाहीत. भाव दर महिन्याला बदला, दाण्याचा बोर्ड दुकानात लावा. लोकांना दाण्याचा भाव कळतो, पेंडीचा कळत नाही.

---

चव_पुणे

दर महिन्याला भाव बदललात तर माझ्यासारख्या दुकानाला छापील किमतीची लेबलं फेकावी लागतात. मी तीन महिन्यांचा भाव मागेन, आणि दाणा पाच रुपयांच्या वर हलला तरच बदल, अशी अट लिहून घ्या.

---

हिशेब_वही

अट चांगली आहे, पण त्यात पेंडही लिहा. दाणा पाचने हलला तर लिटरला ११ रुपये पडतात, आणि पेंड नऊने हलली तरी तेवढेच. दुकानदार दाण्याची अट लगेच मान्य करतो, पेंडीची सहसा करत नाही, कारण त्याला ती तुमची घरची गोष्ट वाटते. त्याला कसं पटवायचं याचं माझ्याकडे उत्तर नाही. कोणी लेखी करारात पेंडीचा भाव घातला असेल तर कोणत्या बाजाराचा भाव आधार धरला ते लिहा.

---

गोठा_सांगोला

शेंगदाणा पेंडीला इथे रोजचा जाहीर भाव मिळत नाही. सरकी पेंडीचा अकोल्याचा धरता येईल, पण दोन्हींतला फरक कायम सारखा राहत नाही. मागच्या उन्हाळ्यात सरकी चढली आणि तुमची पेंड जागेवर होती.

---

बालाघाट_तेल

दुकानदाराला तीन महिने आणि दोन्हींची अट विचारतो. करडईचे घाणेही पुढच्या महिन्यात सुरू करायचे आहेत. तिची पेंड सालीसकट असते, गोठेवाले हात लावत नाहीत असं ऐकलं. तिचा उतारा आणि पेंडीचा भाव कोणाकडे तोललेला असेल तर सांगा, ऐकीव नको.